मथळा वाचून काम कळते का?

जाहिरातीवर क्लिक केल्यावर जे पान उघडते त्याला लँडिंग पेज म्हणतात. तिथला ठळक मथळा वाचूनही उत्पादन काय करते हे कळत नसेल, तर शब्द बदलत बसण्याआधी मथळा नेमका कुठे चुकला ते तपासावे लागते.

समजा, गृहनिर्माण सोसायट्यांसाठी एक ॲप आहे. ते दर महिन्याची मेंटेनन्सची बिले तयार करते, थकबाकीवर व्याज लावते आणि पैसे जमा झाले की पावती पाठवते. त्याच्या पानावर मथळा आहे : ‘सोसायटीचा कारभार, आता अधिक सुलभ’. वाचायला ठीक वाटतो. पण गेटवर पाहुण्यांची नोंद ठेवणाऱ्या किंवा लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीने हाच मथळा उचलला, तरी कुणाला खटकणार नाही. दुसऱ्याच धंद्याला जसाच्या तसा चालणारा मथळा उत्पादनाबद्दल काहीच सांगत नसतो.

यानंतर पाच सेकंदांची चाचणी घ्यावी. ॲपची माहिती नसलेल्या व्यक्तीला पान पाच सेकंद दाखवून झाकायचे आणि विचारायचे : हे काय करते? कोणासाठी आहे? ‘मथळा आवडला का?’ हे मात्र विचारू नये, कारण न कळलेला मथळाही आवडू शकतो. ‘सोसायटीचं काहीतरी आहे’ असे उत्तर आले, तर ग्राहक कळला पण काम कळले नाही. ‘वॉचमनसाठी असेल’ हे उत्तर अधिक गंभीर, कारण बिलांनी वैतागलेला सेक्रेटरी ‘हे आपल्यासाठी नाही’ असे समजून निघून जाईल. ‘बिलांचं ॲप’ असे अचूक उत्तर आले तरी थांबू नये. ते कदाचित शेजारच्या बिलाच्या चित्रावरून सुचले असेल. म्हणून चित्र झाकून नव्या माणसांना पुन्हा विचारावे.

मथळा असा पोकळ होतो, कारण लिहिणारा ‘त्याने काय होते?’ असे विचारत वर चढत जातो. बिल आपोआप बनते. त्याने सेक्रेटरीचा वेळ वाचतो. त्याने कारभार सुलभ होतो. प्रत्येक पायरीवर फायदा मोठा दिसतो, पण तो सांगू शकणारी उत्पादनेही वाढतात. ॲपलने २००१ मध्ये आयपॉड आणला तेव्हा ‘खिशात एक हजार गाणी’ म्हटले. किती मावते आणि कुठे, दोन्ही त्यात आले. संगीताचा आनंद वाचणाऱ्यावर सोडला.

उतरायची पायरी ग्राहकांच्या फोनवर सापडते. ‘व्याज आपोआप लागतं ना?’ असे सेक्रेटरी विचारत असतील, तर मथळा होईल : ‘सोसायटीची मेंटेनन्स बिले, व्याज आणि पावत्या दर महिन्याला आपोआप’.

लोक पान लगेच सोडतात, एवढ्यावरून मात्र मथळा दोषी ठरत नाही. पान उघडायला वेळ लागत असेल तरी तेच होते. जाहिरातीत गेटच्या सुरक्षेची भाषा असेल, तर बिलांबद्दलचा स्पष्ट मथळाही लोकांना परतच पाठवील. म्हणून तपासताना जाहिरातीचा मजकूर मथळ्याशेजारी ठेवून वाचावा.