परदेशस्थ मतदार : नमुना ६ अ आणि पासपोर्टवरील पत्ता
(लेखमाला : मतदारयादीची घडण – लेखांक ७)

मागील लेखांकात ‘सर्वसाधारण रहिवासी’ या संज्ञेचा विचार झाला. ज्या मतदारसंघात व्यक्ती सर्वसाधारणपणे राहते, त्याच मतदारसंघाच्या यादीत तिचे नाव असावे, हा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० चा मूळ नियम आहे. नोकरीसाठी दुबईत किंवा शिक्षणासाठी जर्मनीत वर्षानुवर्षे राहणारा भारतीय नागरिक या नियमात बसत नसे. घरोघरी पडताळणी होताना त्याची नोंद ‘स्थलांतरित’ अशी होई आणि नाव वगळले जाई. नागरिकत्व शाबूत असूनही मताधिकार बजावण्याची जागाच उरत नसे. २०१० च्या दुरुस्तीने या अधिनियमात कलम २० अ घालण्यात आले, ते फेब्रुवारी २०११ पासून अमलात आले आणि ‘परदेशस्थ मतदार’ हा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला.

कलम २० अ ने रहिवासाची अट काढून टाकली नाही. तिच्या जागी पासपोर्टवर नमूद असलेला भारतातील पत्ता आणून ठेवला. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली, तर पुढची सारी प्रक्रिया आणि तिच्यात उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणी आपोआप उलगडतात. अर्जदार प्रत्यक्ष कोठे राहतो, त्याचे आईवडील सध्या कोठे आहेत, त्याची मालमत्ता कोणत्या गावात आहे, यांपैकी कशालाही येथे महत्त्व नाही. पासपोर्टमधील पत्ता ज्या विधानसभा मतदारसंघात येतो, तोच त्याचा मतदारसंघ ठरतो.

या वर्गात नोंद होण्यासाठीच्या अटी थोड्या आहेत. अर्जदार भारताचा नागरिक असावा, त्याने अन्य कोणत्याही देशाचे नागरिकत्व घेतलेले नसावे, शिक्षण, नोकरी किंवा अन्य कारणाने तो आपल्या निवासस्थानापासून दूर परदेशात असावा आणि त्याचे नाव आधीच कोणत्याही मतदारयादीत नसावे. वयाची अठरा वर्षे ‘अर्हता दिनांका’ला, म्हणजे पात्रता ज्या तारखेला मोजली जाते त्या दिवशी, पूर्ण झालेली असावीत. पूर्वी अशी तारीख वर्षात एकच होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात.

नागरिकत्वाच्या अटीबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. ‘ओसीआय’ कार्ड हे नाव भारतीय नागरिकत्वाचा भास निर्माण करते; प्रत्यक्षात ते धारण करणारी व्यक्ती परकीय नागरिक असते आणि तिला मताधिकार नाही. गोव्यात हा प्रश्न विशेष जवळचा आहे. पोर्तुगीज राजवटीशी असलेल्या जुन्या संबंधाच्या आधारे तेथील अनेकांनी पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले आहे, आणि स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते. जुना भारतीय पासपोर्ट कपाटात पडून असला, तरी त्याच्या बळावर नमुना ६ अ भरता येत नाही. याउलट परदेशातील कायम वास्तव्याचा परवाना, उदाहरणार्थ अमेरिकेचे ग्रीन कार्ड, म्हणजे नागरिकत्व नव्हे. असा परवाना असलेला भारतीय पासपोर्टधारक या नोंदणीस पात्र राहतो.

अर्जासाठी विहित केलेला नमुना ६ अ हा सामान्य नवमतदारांसाठी असलेल्या नमुना ६ पेक्षा वेगळा आहे. परदेशी गेलेल्या मुलासाठी घरच्यांनी नमुना ६ भरून ‘येथेच राहतो’ असे लिहून देणे ही सर्रास घडणारी गोष्ट आहे. ती निव्वळ तांत्रिक चूक समजणे धोक्याचे ठरेल, कारण मतदारयादीच्या संदर्भात जाणूनबुजून खोटे निवेदन करणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंतच्या कैदेस किंवा दंडास, अथवा दोन्हींस, पात्र असलेला गुन्हा आहे.

नमुना ६ अ मध्ये नाव, जन्मतारीख, जन्मस्थान आणि नातेवाइकाचे नाव या नेहमीच्या तपशिलांबरोबर पासपोर्टचा क्रमांक, तो कोठे दिला गेला ते ठिकाण, दिल्याची व मुदत संपण्याची तारीख, व्हिसाचा तपशील, परदेशातील पूर्ण पत्ता, भारतातील निवासस्थानापासून दूर असण्याचे कारण आणि ही अनुपस्थिती कधीपासून आहे ती तारीख विचारली जाते. अर्जास अलीकडचे रंगीत छायाचित्र लागते. पासपोर्टची जी पाने जोडावयाची, त्यांत छायाचित्राचे पान, भारतातील पत्त्याचे पान आणि वैध व्हिसाचा शिक्का असलेले पान यांचा समावेश असतो. या प्रती स्वसाक्षांकित, म्हणजे अर्जदाराने स्वतः सही करून खऱ्या असल्याचे सांगितलेल्या, असाव्यात.

पत्त्याचे पान पासपोर्टच्या अखेरीस असते. जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने हे शेवटचे पान छापणेच बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्याच महिन्यात तो मागेही घेतला. त्या वेळी चर्चा मुख्यतः याच निर्णयातील नारिंगी रंगाच्या पासपोर्टची झाली, पण ज्या पत्त्यावर कलम २० अ उभे आहे, तो त्याच पानावर असतो, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. या पानाबाबतची नेहमीची अडचण वेगळी आहे. परदेशातील भारतीय दूतावासातून पासपोर्टचे नूतनीकरण करताना अनेक जण सोय म्हणून तेथील स्थानिक पत्ता छापून घेतात. अशा पासपोर्टवर भारतातील पत्ताच नसल्याने कोणत्या मतदारसंघात नोंद करावयाची, हे ठरवण्याचा कायदेशीर आधार नाहीसा होतो. मतदार होण्याची इच्छा असलेल्याने नूतनीकरणाच्या वेळीच भारतातील पत्ता नोंदवून घ्यावा. नंतर तो बदलण्यासाठी पासपोर्ट पुन्हा काढावा लागतो.

व्हिसाच्या पानाबाबतही काळ पुढे गेला आहे आणि नमुना मागे राहिला आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून निवासी व्हिसा पासपोर्टवर चिकटवणे बंद झाले, आणि युरोपातील अनेक देशांत निवास परवाना स्वतंत्र कार्डाच्या रूपात मिळतो. अशा वेळी पासपोर्टमध्ये शिक्का सापडत नाही म्हणून रकाना कोरा सोडण्यापेक्षा कार्डाचा क्रमांक व मुदत लिहून त्याच्या दोन्ही बाजूंची स्वसाक्षांकित प्रत जोडणे शहाणपणाचे.

अर्ज तीन मार्गांनी देता येतो : निवडणूक आयोगाच्या voters.eci.gov.in या संकेतस्थळावरून, संबंधित मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे टपालाने, किंवा सुटीत भारतात आल्यावर त्याच अधिकाऱ्याच्या कार्यालयात समक्ष. समक्ष अर्ज देताना मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो आणि तो पडताळून तेथल्या तेथे परत केला जातो. पूर्वीचे मतदार ओळखपत्र असल्यास ते परत करावे लागते. एकाच वेळी सामान्य मतदार आणि परदेशस्थ मतदार म्हणून दोन नोंदी ठेवणे कायद्याला मंजूर नाही.

प्रक्रिया पुढे कशी सरकते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहणे सोयीचे ठरेल. म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्या एका अभियंत्याच्या पासपोर्टवर सांगली शहरातील पत्ता आहे. त्याचे आईवडील मात्र काही वर्षांपूर्वी पुण्यात कोथरूडला राहावयास आले असून सांगलीचे घर भाड्याने दिलेले आहे. कुटुंब पुण्यात असल्याने त्याने कोथरूड मतदारसंघासाठी अर्ज केला, तर पासपोर्टवरील पत्ता त्या मतदारसंघात येत नसल्याने तो मान्य होऊ शकत नाही. अर्ज सांगलीच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडेच जावयास हवा. तेथे तो दाखल झाल्यावर मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बोलीभाषेतला ‘बीएलओ’, पासपोर्टवरील पत्त्यावर जातो आणि कागदपत्रांच्या प्रती नातेवाइकांना दाखवून त्यांच्याकडून त्या खऱ्या असल्याचे प्रतिज्ञापन घेतो. सांगलीच्या घरात भाडेकरू असल्याने तसे प्रतिज्ञापन देणारे कोणी भेटत नाही. येथे अर्ज संपत नाही. नातेवाईक नसतील, ते प्रतिज्ञापन देण्यास तयार नसतील किंवा अधिकाऱ्याचे समाधान झाले नसेल, तर कागदपत्रे अर्जदार राहतो त्या देशातील भारतीय दूतावासाकडे पडताळणीसाठी पाठवली जातात. मात्र यात वेळ जातो. आईवडिलांना आधी कल्पना देऊन बीएलओच्या भेटीच्या दिवशी सांगलीत हजर ठेवता आले, तर हा लांबचा फेरा वाचतो.

अर्जावर हरकती घेण्यासाठी सात दिवसांची मुदत असते. निर्णय अर्जदाराला परदेशातील पत्त्यावर टपालाने आणि मोबाइलवर संदेशाद्वारे कळवला जातो. निवडणूक जाहीर झाल्यानंतर उमेदवारी अर्जांची अंतिम तारीख उलटली की यादीत नवे नाव घालता येत नाही. हरकतींची मुदत आणि पडताळणी लक्षात घेता त्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी अर्ज पोहोचलेला असावा लागतो. दूतावासामार्फत पडताळणी होण्याची शक्यता असेल, तर हे दहा दिवसही अपुरे पडतील.

नोंद झालेल्या मतदाराला मतदार ओळखपत्र मिळत नाही. त्याचे नाव संबंधित यादीभागाच्या शेवटी परदेशस्थ मतदारांच्या वेगळ्या विभागात छापले जाते. त्यामुळे मतदान केंद्रावर घरच्यांच्या नावांजवळ स्वतःचे नाव दिसले नाही, तर ते वगळले गेले असे समजून परत फिरू नये. यादीचे शेवटचे पान पाहावे. ओळख पटवण्यासाठी मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो, त्याची प्रत चालत नाही. दरम्यान पासपोर्टचे नूतनीकरण झाले असेल, तर रद्द झालेला जुना पासपोर्टही सोबत असलेला बरा.

मतदान प्रत्यक्ष हजर राहूनच करावे लागते, ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी मर्यादा आहे. सैनिकांना मिळणारी टपाली मतपत्रिकेची किंवा प्रतिनिधीमार्फत मतदानाची सोय परदेशस्थ मतदारांना नाही. प्रतिनिधीमार्फत मतदानाची मुभा देणारे विधेयक लोकसभेने ऑगस्ट २०१८ मध्ये संमत केले, पण राज्यसभेत ते मंजूर होण्यापूर्वीच सोळावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. परिणाम आकड्यांतून दिसतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदार नोंदलेले होते, त्यांपैकी तीन हजारही मतदानाला आले नाहीत, आणि जे आले त्यांतील बहुतांश एकट्या केरळातील होते. नोंदणी सुलभ करून मतदान दुर्घट ठेवणारी ही रचना अर्धवट आहे, असेच म्हणावे लागते.

नमुना ६ अ मधील प्रतिज्ञापनाने अर्जदारावर दोन जबाबदाऱ्या येतात. परदेशी नागरिकत्व घेतल्यास आणि भारतात कायमचे परतल्यास, दोन्ही वेळी मतदार नोंदणी अधिकाऱ्याला तत्काळ कळवावयाचे असते. परतलेल्या व्यक्तीला त्यानंतर आपल्या नव्या राहत्या पत्त्यावर नमुना ६ भरून सामान्य मतदार होता येते, आणि तेव्हा पासपोर्टवर कोणता पत्ता छापला आहे, याला काही महत्त्व उरत नाही.