बाटलीवर शेंगदाणे, आत काय?

किराणा दुकानाच्या फळीवर शेंगदाणा तेलाच्या चार बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असतात. चारही बाटल्यांवर टपोऱ्या शेंगांचं चित्र असतं. एकीवर ‘रिफाइंड’ लिहिलेलं असतं, दुसरीवर ‘फिल्टर्ड’, तिसरीवर ‘कोल्ड प्रेस्ड’ आणि चौथीवर खालच्या कोपऱ्यात ‘मल्टी-सोर्स एडिबल ऑइल’. भावात मात्र कधी कधी दुपटीचा फरक असतो. बरेच जण या शब्दांकडे प्रतीच्या पायऱ्या म्हणून बघतात आणि स्वस्त ती खालची, महाग ती वरची असं समजून चालतात. पण हे शब्द एका शिडीवरचे नाहीतच. ‘कोल्ड प्रेस्ड’ हा शब्द तेल बीतून कसं काढलं ते सांगतो. ‘रिफाइंड’ काढल्यानंतर त्याचं काय केलं ते सांगतो. आणि ‘ब्लेंडेड’ किंवा ‘मल्टी-सोर्स’ म्हणजे आत एकाहून अधिक तेलं आहेत. लेबल वाचताना हे तीन प्रश्न वेगळे ठेवले, की निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.

आधी तेल काढण्याचं बघू. शेंगदाण्यात वजनाच्या साधारण निम्मं तेल असतं. ते बाहेर काढायच्या तीन वाटा आहेत. लाकडी घाण्यात दाणे हळूहळू भरडले जातात आणि दाबानं तेल सुटतं. एक्सपेलरमध्ये लोखंडी मळसूत्र दाण्यांना दाबत पुढं ढकलतं. तेल जास्त निघावं म्हणून मोठ्या गिरण्यांत भरडलेले दाणे आधी वाफेवर शेकतात. तिसरी वाट द्रावकाची. पेंडीत उरलेलं तेल हेक्झेन नावाच्या द्रावकात विरघळवून घेतात, मग हेक्झेन उडवून टाकतात. या शेवटच्या वाटेनं आलेलं तेल थेट खायला विकता येत नाही, ते रिफाइंड करावंच लागतं.

‘कोल्ड प्रेस्ड’ म्हणजे यातली पहिली वाट, किंवा दाणे न शेकता चालवलेला एक्सपेलर. खाद्यतेलांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे कोडेक्समध्ये, त्याची व्याख्या साधी आहे: तेल फक्त यांत्रिक दाबानं काढलेलं हवं, बाहेरून उष्णता द्यायची नाही, आणि नंतर पाण्यानं धुणं, निवळू देणं, गाळणं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणं यापलीकडं काही करायचं नाही. घाणा फिरताना घर्षणानं तेल थोडं तापतंच, त्यामुळं ‘थंड’ हा शब्द अगदी अक्षरशः घेऊ नये. पण या व्याख्येतून एक उपयोगी गोष्ट निघते. एकाच बाटलीवर ‘कोल्ड प्रेस्ड’ आणि ‘रिफाइंड’ असं दोन्ही लिहिलेलं असेल, तर त्यातलं एक विधान खोटं आहे.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते ‘फिल्टर्ड’ या शब्दाला. आपल्याकडं ‘डबल फिल्टर’ शेंगदाणा तेल वर्षानुवर्षं विकलं जातं आणि अनेकांना ते घाण्याचंच तेल वाटतं. खरं तर हे बहुतेक वेळा शेकलेल्या दाण्यांचं, एक्सपेलरमधून काढलेलं आणि नंतर कापडातून गाळलेलं तेल असतं. झाकण उघडताच भाजलेल्या दाण्यांचा जो खमंग वास येतो, तो त्या शेकण्याचा. घाण्याच्या तेलाचा वास त्याहून मवाळ, कच्च्या दाण्यासारखा असतो आणि तळाशी थोडा गाळ बसतो. फिल्टर तेल वाईट असतं असं मुळीच नाही. आमटीच्या फोडणीला ते झकास लागतं. फक्त ते कोल्ड प्रेस्डच्या भावानं घेऊ नये.

आता ‘रिफाइंड’. कच्च्या तेलात पाणी किंवा थोडं आम्ल मिसळून आधी चिकट द्रव्यं काढतात. मग कॉस्टिक सोड्यानं त्यातली मोकळी स्निग्धाम्लं साबणासारखी वेगळी करतात. पुढं विशिष्ट मातीतून नेऊन रंग उतरवतात आणि शेवटी निर्वात टाकीत दोनशे अंशांहून जास्त तापमानाला त्यातून वाफ सोडतात, म्हणजे वास निघून जातो. हाती येतं ते फिकट, जवळजवळ बिनवासाचं तेल. फरक किती पडतो ते आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या मानकात दिसतं. शेंगदाणा तेलाचा आम्लांक सहापर्यंत चालतो, रिफाइंडचा मात्र अर्ध्याच्या वर जाता कामा नये. मोकळी स्निग्धाम्लं कमी म्हणून असं तेल धूर उशिरा सोडतं आणि भजी-वडे तळायला सोयीचं पडतं.

रिफाइंड या शब्दाला घाबरण्याचं सध्या फॅड आहे. त्यात एक बाजू विसरली जाते. शेंगदाण्याला बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. त्यातलं काही कच्च्या तेलात उतरतं. रिफायनिंगमध्ये, विशेषतः सोडा आणि मातीच्या टप्प्यांत, ते जवळपास निघून जातं. घाण्याच्या तेलाला असं कुठलंही गाळण नाही, म्हणून त्याची सगळी भिस्त दाण्यांवर असते. घाण्यावर जाऊन तेल घेत असाल तर तेलाच्या रंगापेक्षा आधी पोत्यातले दाणे बघा. काळपट, सुरकुतलेले, कुबट वासाचे दाणे घाण्यात पडत असतील तर ‘लाकडी’ या शब्दाचा काही उपयोग नाही.

रिफाइंड तेलाच्या लेबलाबद्दल एक नियम फारसा कुणाला माहीत नसतो. ‘डबल रिफाइंड’, ‘अल्ट्रा रिफाइंड’, ‘सुपर रिफाइंड’, ‘अँटी-कोलेस्टेरॉल’ असले शब्द खाद्यतेलाच्या लेबलावर किंवा जाहिरातीत वापरायला बंदी आहे. उलट ते तेल कुठल्या बीचं, हे स्पष्ट लिहिणं बंधनकारक आहे. आणि ‘कोलेस्टेरॉल नाही’ ही तर कुठल्याच वनस्पती तेलाची खास कमाई नव्हे. कोलेस्टेरॉल सांगण्याएवढ्या प्रमाणात प्राणिज पदार्थांतच असतं.

कोल्ड प्रेस्ड खरंच आहे का, याचा एक सोपा अंदाज हिशेबानं घेता येतो. घाण्यात सगळं तेल निघत नाही, बरंचसं पेंडीत राहतं. एक किलो तेलाला ढोबळमानानं अडीच किलो दाणे लागतात. समजा दाणे 120 रुपये किलो आहेत, म्हणजे 300 रुपयांचे दाणे झाले. पेंड साधारण 1 किलो 400 ग्रॅम निघाली आणि 40 रुपयांनी विकली, तर 56 रुपये परत आले. उरले 244. त्यात मजुरी, वीज, बाटली, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा अजून धरलेला नाही. अशा वेळी कुणी ‘शुद्ध घाण्याचं’ तेल 200 रुपये किलोनं देत असेल, तर तो एक तर तोट्यात धंदा करतोय किंवा ते तेल घाण्याचं नाही. आकडे आपल्या गावच्या भावानं बदलून घ्या, पद्धत तीच राहते.

आता चौथ्या बाटलीकडं येऊ. दोन खाद्यतेलं मिसळून विकायला कायद्यानं परवानगी आहे, पण अटी आहेत. दोहोंपैकी कुठलंही तेल वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये. कुठलं तेल किती टक्के आणि ते कच्चं की रिफाइंड, हे वेष्टनावर लिहावं लागतं. ते सीलबंद वेष्टनातच विकायचं, आणि ‘नॉट टू बी सोल्ड लूज’ ही सूचना ठळक छापायची. ही सूचना समोर दिसली की थांबा आणि टक्केवारीची ओळ शोधा. समजा तिथं 80 टक्के रिफाइंड राईस ब्रान आणि 20 टक्के शेंगदाणा असं आहे. म्हणजे एका किलोत शेंगदाणा तेल फक्त 200 ग्रॅम. चित्रातल्या शेंगा मग कितीही मोठ्या असोत. मिश्रण म्हणजे भेसळ नव्हे, हे नीट लक्षात ठेवलं पाहिजे. प्रमाण सांगून केलेलं मिश्रण चांगलंही असतं. माझा आक्षेप चित्राला आहे.

मोहरीच्या तेलाला मात्र ही मुभा उरलेली नाही. 8 जून 2021 पासून देशात मोहरीच्या तेलात दुसरं तेल मिसळून विकण्यावर बंदी आहे.

लेबलावर आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे पोषणमूल्यांचा तक्ता. 100 ग्रॅममागे संपृक्त, एकअसंपृक्त आणि बहुअसंपृक्त स्निग्धांश किती, ते त्यात असतं, आणि प्रत्येक तेलाची ठेवण वेगळी असते. शेंगदाणा तेलात संपृक्त 20 ग्रॅमच्या आसपास आणि एकअसंपृक्त जवळपास निम्मं. नेहमीच्या सूर्यफूल तेलात संपृक्त 11-12 आणि बहुअसंपृक्त 60 च्या घरात. पामोलिनमध्ये संपृक्तच 40 च्या वर. तेव्हा समोर ‘शेंगदाणा’ आणि तक्त्यात संपृक्त 35 दिसलं, तर ती बाटली परत ठेवा. पण या साक्षीदाराची मर्यादाही आहे. राईस ब्रान तेलाचे आकडे शेंगदाण्याच्या इतके जवळ जातात की तक्त्यावरून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. शिवाय तक्ता छापणारा उत्पादकच असतो.

फ्रिजच्या परीक्षेवर तर विसंबूच नका. बाटली फ्रिजमध्ये ठेवून तेल गोठलं की ‘शुद्ध’, असं सर्रास सांगितलं जातं. शेंगदाणा तेल थंडीत दाट होतं हे खरं, पण पामोलिनही होतं. म्हणजे जी भेसळ होण्याची सगळ्यात जास्त शक्यता, तीच या परीक्षेत उत्तीर्ण होते.

सुट्या तेलाला तर वाचायला लेबलच नसतं. केंद्रीय नियमांनी सुटं खाद्यतेल विकायला मनाई केलेली आहे. सवलत द्यायची असेल तर ती राज्य सरकारनं लोकहितासाठी वेगळा आदेश काढून द्यावी लागते.

संशय पक्का असेल तर घरचे प्रयोग सोडून प्रयोगशाळा गाठावी. अन्नसुरक्षा व मानके कायदा 2006 च्या कलम 40 नुसार कुणीही ग्राहक शुल्क भरून आपण विकत घेतलेल्या तेलाची तपासणी अन्न विश्लेषकाकडून करून घेऊ शकतो. फक्त आपण हे तेल तपासायला देणार आहोत, हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावं लागतं. तेल नियमात बसत नाही असं निघालं, तर भरलेलं शुल्क परत मिळतं.