देवनहळ्ळीच्या विमानतळाचे भांडवल किती टक्क्यांना पडते?

2024-25 मध्ये बंगळुरूजवळ देवनहळ्ळीला असलेल्या केम्पेगौडा विमानतळावरून सुमारे 4.19 कोटी प्रवाशांची ये-जा झाली. तिकिटात जे विमानतळ-शुल्क दिसते ते विमानतळ चालवणारी कंपनी मनाने ठरवत नाही. विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘एरा’, ते ठरवते, आणि त्या हिशोबातला सर्वांत वादाचा आकडा म्हणजे गुंतवलेल्या भांडवलावर मान्य करायचा परतावा. कर्ज आणि भागभांडवल यांचा खर्च एकत्र करून तो काढतात. इतर कंपन्यांत हाच हिशोब बंद दाराआड होतो. इथे तो सार्वजनिक आदेशात छापला जातो.

1 एप्रिल 2021 पासूनच्या पाच वर्षांसाठी एराने 48 टक्के कर्ज आणि 52 टक्के भागभांडवल असे प्रमाण गृहीत धरले. भागधारकांच्या पैशाचा खर्च साधारण 15 टक्के धरला गेला. त्यासाठी एराने आयआयएम बंगळुरूकडून स्वतंत्र अभ्यास करवून घेतला होता. आधीच्या कालखंडांत हाच खर्च 16 टक्के मानला जात असे. कर्जाचे व्याज सोयीसाठी 8 टक्के धरू. मग 52 टक्क्यांवर 15 म्हणजे 7.80 आणि 48 टक्क्यांवर 8 म्हणजे 3.84. बेरीज 11.64 टक्के.

व्याजाचा दर करारात लिहिलेला असतो, पण भागधारकाला किती हवे हे कुठेच लिहिलेले नसते. म्हणून तो दर बांधावा लागतो. सरकारी रोख्यांचे 7.5 टक्के आणि शेअर बाजाराच्या जोखमीसाठी वरचे 8 टक्के धरा. विमानतळाचा धंदा बाजाराच्या मानाने किती हेलकावे खातो, हे बीटा सांगतो. या कंपनीचे शेअर बाजारात नोंदलेलेच नाहीत, त्यामुळे नोंदणीकृत विमानतळांचे बीटा घेऊन त्यांतून कर्जाचा परिणाम आधी काढून टाकतात. समजा कर्जाविना बीटा 0.55 आला. त्यावर 48:52 चे कर्ज आणि सुमारे 25 टक्के कर पुन्हा चढवला की तो 0.93 होतो. 0.93 गुणिले 8, अधिक 7.5: जवळपास 15.

आता मोह होतो तो स्वस्त कर्ज वाढवण्याचा. या कंपनीचे भरणा झालेले भागभांडवल सुमारे 385 कोटी रुपयेच आहे, आणि दुसऱ्या टर्मिनलसह झालेल्या विस्ताराचा खर्च हजारो कोटींचा. म्हणजे पुस्तकी आकड्यांत कर्जाचे पारडे जडच दिसणार. समजा 80 टक्के कर्ज धरले आणि बाकी काही बदलले नाही, तर सरासरी 9.4 टक्क्यांवर येते. प्रवाशांच्या बाजूने बोलणाऱ्याला हा आकडा फार आवडेल, पण तो चुकीचा आहे. कर्ज भागभांडवलाच्या चारपट झाले की उरलेल्या भागधारकांवर सगळे हेलकावे येतात. त्याच सूत्राने बीटा सुमारे 2.2 होतो आणि त्यांची अपेक्षा 25 टक्क्यांवर जाते. 25 चे 20 टक्के म्हणजे 5 आणि 8 चे 80 टक्के म्हणजे 6.4, मिळून 11.4. इतक्या कर्जावर बँकेने व्याज 9 टक्के केले, तर 12.2. कुणाच्या सरासरीत कर्जाचे प्रमाण बदलले पण बीटा तोच राहिला, तर तो तक्ता बाजूला ठेवावा.

करातही एक गफलत होते. व्याजावर करसवलत मिळते म्हणून पाठ्यपुस्तके कर्जाचा खर्च कर वजा करून धरतात. इथे तसे केले तर दर सुमारे 10.7 वर येतो. एरा मात्र कंपनीचा कर वेगळ्या ओळीत भरून देते आणि तो प्रत्यक्ष कराच्या हिशोबाने, म्हणजे व्याजाची सवलत तिथे आधीच धरलेली असते. दोन्हीकडे ती वजा केली की कंपनीचे नुकसान. कुठेच नाही केली की प्रवाशाचे. मान्य मालमत्ता 10,000 कोटींची धरली, तर एक टक्का म्हणजे वर्षाला 100 कोटी, म्हणजे 4 कोटी प्रवाशांमागे सरासरी 25 रुपये.

विमानतळाच्या जमिनीवर हॉटेले आणि कार्यालयेही उभी राहत आहेत. तिथे 13 टक्के परताव्याचा प्रकल्प आला, तर 11.64 च्या कसोटीवर तो सहज पास होईल. पण त्याला नियामकाचे संरक्षण नाही. मंदीत खोल्या रिकाम्या राहतात. त्याचा कर्जाविना बीटा 0.8 असेल, तर कर्जाशिवायच अपेक्षा 13.9 टक्के निघते, आणि कर्जाच्या करसवलतीने फरक पडला तरी तो थोडाच. मग तोच 13 टक्क्यांचा प्रकल्प काठावर येऊन उभा राहतो.