मावशीच्या फोनवर दिसेल तेच

माझी मावशी कराडला राहते. दोन-तीन महिन्यांतून एकदा एसटीने पुण्याला येते आणि तिला घ्यायला मला स्वारगेटला जावं लागतं. गाडी कुठवर आली हे कळावं म्हणून मी तिला व्हॉट्सॲपवरून लाइव्ह लोकेशन पाठवायला शिकवायचं ठरवलं. फोनवर सांगून जमेना. "खाली ती कागदाची पिन दिसते का?" म्हटलं, की ती म्हणायची, "अगं, इथे हजार खुणा आहेत, त्यातली कुठली पिन?" मग मी माझ्या फोनवर तेच काम करत स्क्रीन रेकॉर्ड केली, वर आवाज दिला आणि पाऊण मिनिटाचा तो व्हिडिओ तिला पाठवला.

तिने तो चार वेळा पाहिला आणि फोन केला. "तुझ्या फोनात जे येतं ते माझ्या फोनात येतच नाही."

तिचं म्हणणं शब्दश: खरं होतं. तिने पिन दाबून लोकेशनवर बोट ठेवल्याबरोबर एक चौकट उघडली होती. ॲपला तुमचं ठिकाण कळू द्यायचं का, असं ती चौकट विचारते. वर दोन गोल नकाशे असतात, एक नेमक्या ठिकाणाचा आणि एक अंदाजे ठिकाणाचा, आणि खाली While using the app, Only this time, Don't allow असे तीन पर्याय. माझ्या फोनवर ही परवानगी मी केव्हाच देऊन मोकळी झाले होते, त्यामुळे माझ्या व्हिडिओत ती चौकट आलीच नाही. मावशीने अनोळखी चौकट पाहून जे कुणीही सावध माणूस करील तेच केलं. तिने नको म्हटलं.

असे व्हिडिओ फसतात ते बहुधा इथेच. काम शिकवणाऱ्याचा फोन मुरलेला असतो. परवान्या देऊन झालेल्या असतात, सुरुवातीच्या सूचना कधीच बंद केलेल्या असतात. शिकणाऱ्याच्या फोनवर मात्र हे सगळं पहिल्यांदाच समोर येतं, आणि नेमकी तीच पायरी व्हिडिओत नसते. उपाय साधा आहे. रेकॉर्डिंगच्या आधी आपल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जायचं, ॲप्सच्या यादीतून व्हॉट्सॲप उघडायचं आणि परवानग्यांमध्ये लोकेशनसाठी Ask every time हा पर्याय निवडायचा. मग आपला फोनही तीच चौकट दाखवतो आणि ती रेकॉर्ड होते. मी दुसऱ्या वेळी तसंच केलं. त्या चौकटीवर थांबून सांगितलं, "मावशी, इथे डावा-उजवा असे दोन नकाशे दिसतील. Precise लिहिलेला निवड, म्हणजे गाडी नेमकी कुठे आहे ते मला कळेल. मग While using the app वर बोट ठेव."

रेकॉर्डिंगसाठी वेगळं ॲप सहसा लागत नाही. आयफोनमध्ये 2017 च्या आयओएस 11 पासून आणि अँड्रॉइडमध्ये 2020 च्या अँड्रॉइड 11 पासून स्क्रीन रेकॉर्डर फोनमध्येच येतो. काही कंपन्यांच्या फोनांत तो त्याआधीही होता. अँड्रॉइडवर वरून दोनदा बोट खाली ओढलं, की वायफाय आणि टॉर्चच्या बटणांत Screen record सापडतं. नसेल तर पेन्सिलची खूण दाबून ते बटण तिथे आणून ठेवता येतं. आयफोनमध्ये कंट्रोल सेंटरमधलं गोल बटण दाबून धरावं लागतं, तेव्हा खाली माइक चालू करण्याची सोय दिसते. नुसतं दाबलं तर रेकॉर्डिंग सुरू होतं, पण माइक आधी चालू केलेला नसेल तर आपला आवाज येत नाही. अँड्रॉइडवरही अशीच चूक होते. तिथे आवाज कुठला घ्यायचा हे विचारतात, आणि Device audio निवडलं तर फोनमधून निघणारा आवाज रेकॉर्ड होतो, बोलणाऱ्याचा नाही. पूर्ण व्हिडिओ बोलून झाल्यावर तो मुका निघाला, की पुन्हा बोलताना आवाजात वैताग उतरतो. म्हणून आधी पाच सेकंदांचं रेकॉर्डिंग करून ऐकून घ्यावं.

दुसरी अडचण बोटाची. समोर बसून शिकवताना आपलं बोट दिसतं, रेकॉर्डिंगमध्ये ते गायब होतं. बघणाऱ्याला एवढंच दिसतं की एक पडदा गेला आणि दुसरा आला. नक्की कुठे दाबलं, हा तर शिकण्याचा गाभा, आणि तोच निसटतो. अँड्रॉइडच्या रेकॉर्डरमध्ये Show touches on screen असा एक पर्याय असतो. तो चालू केला की बोट टेकेल तिथे ठिपका उमटतो. आयफोनच्या रेकॉर्डरमध्ये ही सोय नाही. पण ठिपकाही पुरत नाही. तो फिकट असतो, क्षणभर दिसतो, आणि पांढऱ्या पडद्यावर साठीच्या डोळ्यांना तो सापडेपर्यंत पुढचा पडदा आलेला असतो.

इथे रेघा ओढण्याची सोय कामाला येते. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत रेकॉर्डिंग चालू असताना पेन्सिलची खूण मिळते. इतर अँड्रॉइड फोनांवर XRecorder किंवा AZ Screen Recorder सारखी ॲप्स पडद्यावर एक तरंगती खूण ठेवतात आणि तिच्यातून ब्रश निघतो. त्यासाठी त्यांना दुसऱ्या ॲपच्या वर दिसण्याची वेगळी परवानगी द्यावी लागते. ब्रश वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवायची: तो चालू असतो तोवर बोट खालच्या ॲपला लागतच नाही, त्याची रेघ होते. म्हणून क्रम असा. आधी पिनभोवती लाल गोल काढायचा. "ही पिन," म्हणून दोन-तीन सेकंद गप्प राहायचं. मग गोल पुसून ब्रश बंद करायचा, आणि त्यानंतर पिन दाबायची. गोल पुसायचा राहिला तर तो पुढच्या पडद्यावरही तसाच राहतो आणि भलत्याच बटणाकडे बोट दाखवतो. माझ्या एका व्हिडिओत पिनेभोवतीचा गोल पुढे कॅमेऱ्याच्या खुणेच्या शेजारी राहिला होता. मावशीने कॅमेरा उघडला, मला तिच्या छताचा फोटो आला.

बोलतानाही आधी सांगायचं, मग करायचं. आपण सवयीने करता करता बोलतो, त्यामुळे वाक्य संपेस्तोवर पडदा बदललेला असतो. आणि खुणेचं नाव सांगण्यापेक्षा जागा आणि रूप सांगावं: लिहायच्या पट्टीत, उजवीकडे, तिरकी पिन. मावशीचा फोन मराठीत आहे, माझा इंग्रजीत. मी Location म्हणत होते आणि ती पडद्यावर न दिसणारा शब्द शोधत होती. शेवटी रेकॉर्डिंगपुरती मी माझ्या फोनची भाषा मराठी केली आणि अक्षरांचा आकारही तिच्याइतका मोठा केला. अक्षरं मोठी झाली की ओळी वाढतात, आणि जे बटण आपल्याला समोर दिसतं ते तिच्या पडद्यावर खाली सरकलेलं असतं. खरं तर सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग तिच्याच फोनवर, तिच्या घरी गेल्यावर करता येतं. पुढच्या वेळी मी तेच केलं.

लाइव्ह लोकेशनच्या पडद्यावर वेळ विचारतात: पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास. मी पहिल्या व्हिडिओत एक तासवर घाईघाईने पुढे गेले होते. कराडहून निघालेली गाडी तासाभरात फार तर साताऱ्यापर्यंत येते, म्हणजे पुढचा खंबाटकी घाट, शिरवळ, कात्रज हा सगळा प्रवास मला दिसणारच नव्हता. म्हणून या पडद्यावरही लाल गोल, आठ तासांभोवती, आणि थोडं थांबणं. पोचल्यावर हे बंद कसं करायचं, त्याचा व्हिडिओ वेगळा केला, पंधरा सेकंदांचा. एका व्हिडिओत दोन कामं घातली, की दुसरं काम हवं असताना पहिलं पुन्हा बघत बसावं लागतं.

मी सुरुवातही व्हॉट्सॲपच्या यादीपासून केली नाही, थेट भावाच्या चॅटपासून केली. चॅट उघडणं मावशीला येतंच, आणि यादीत दहा जणांची नावं आणि त्यांच्या निरोपांच्या पहिल्या ओळी दिसतात. हे व्हिडिओ घरात फिरतात. मावशी तो तिच्या भिशीच्या बायकांना पाठवणार, हे मला माहीत होतं. त्याच कारणाने रेकॉर्डिंगच्या वेळी डू नॉट डिस्टर्ब लावते, आणि त्यात नोटिफिकेशन दिसणंही बंद होईल असा पर्याय निवडते. मधेच आलेला ओटीपी पडद्यावर उतरला, तर तो व्हिडिओत कायमचा राहतो.

पैशांच्या ॲपचं शिकवताना हा मार्ग मधेच बंद होतो. बँकांची आणि यूपीआयची बरीच ॲप्स आपले महत्त्वाचे पडदे रेकॉर्ड होऊ देत नाहीत, त्या जागी नुसता काळा पडदा येतो. तो तसाच पाठवला तर घरच्यांना फोन बंद पडल्यासारखं वाटतं. त्यावर उपाय शोधू नये, कारण ती भिंत त्यांच्याच पैशांसाठी आहे. Show touches चालू असताना पिन टाकली, तर ठिपके कुठे पडले यावरूनही आकडे ओळखता येतात. असं काम शेजारी बसूनच शिकवावं. आणि रेघा ओढणारी किंवा स्क्रीन दाखवणारी ॲप्स त्यांच्या फोनवर टाकू नयेत. एकदा ते सवयीचं झालं, की उद्या अनोळखी माणसाने फोनवरून "स्क्रीन दाखवा" म्हटलं तर ते विचित्र वाटणार नाही.

व्हिडिओ तयार झाला, की सुरुवातीची तीन-दोन-एक आणि शेवटी रेकॉर्डिंग बंद करतानाची ओढाताण कापून टाकावी, फोनच्या गॅलरीत ते होतं. व्हॉट्सॲपवर पाठवताना वर HD ची खूण असते ती दाबावी, नाहीतर व्हिडिओ दाबला जाऊन बारीक अक्षरं पुसट होतात.

एक अडचण मात्र व्हिडिओने सुटत नाही. तो बघायचा त्याच फोनवर आणि काम करायचं तेही त्याच फोनवर, म्हणजे बघून झाल्यावर तो आठवून करावं लागतं. मावशीने यावर तिचा मार्ग काढला. व्हिडिओ काकांच्या फोनवर लावला, तो टेबलावर उभा केला, प्रत्येक लाल गोलाला थांबवला, आणि स्वत:च्या फोनवर एकेक पाऊल टाकलं. मीही पुढे त्या पाच थांब्यांचे स्क्रीनशॉट काढले, त्यांवर गोल आणि आकडे घातले आणि एका कागदावर छापून दिले. तो कागद तिच्या पर्समध्ये तिकिटाच्या पैशांसोबत असतो. परवा सकाळी सव्वासातला तिची खूण कराडच्या स्टँडवर दिसली, आणि काही न विचारता मी पोहे भिजत घातले.