सुटलेलं एक अक्षर आणि कुलसचिवांना पाठवायचा ई-मेल

पदवीदान समारंभातून घरी आणलेलं प्रमाणपत्र बहुतेक घरांत फाइलमध्ये जातं आणि तिथेच राहतं. नाव तपासून बघण्याची वेळ येते ती थेट पासपोर्टच्या किंवा परदेशी प्रवेशाच्या कागदपत्रांची जुळवाजुळव करताना. तेव्हा लक्षात येतं की पासपोर्टवर Dhananjay आहे आणि पदवीवर Dhanajay. मधलं एक n गळालं आहे. त्याच प्रमाणपत्रावर देवनागरीत मात्र ‘धनंजय’ असं बिनचूक छापलेलं असतं, त्यामुळे इतके दिवस घरात कोणाची नजर त्यावर अडकलेली नसते.

हे नाव नमुन्यादाखल घेतलं आहे. चूक मात्र नेहमीची आहे. अशा वेळी माणूस घाईघाईने विद्यापीठाला एक ई-मेल टाकतो: माझ्या नावात चूक आहे, कृपया लवकरात लवकर दुरुस्त करावी. महिना उलटतो, उत्तर येत नाही. कारण एवढ्या मजकुरावरून कार्यालयात कोणाला काही करताच येत नाही. चूक कुठे शिरली हे त्यांना कळायला हवं, आणि ते दाखवण्याचं काम ई-मेल लिहिणाऱ्याचंच आहे.

म्हणून लिहायला बसण्याआधी चार कागद शेजारी शेजारी ठेवावेत: दहावीचं प्रमाणपत्र, पदवीच्या पहिल्या वर्षाची गुणपत्रिका, शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र. प्रत्येकावरचं नाव बोट ठेवून, अक्षर अक्षर सुटं करून वाचावं. आपलं नाव आपण वाचत नाही, ओळखतो. म्हणूनच गळालेलं अक्षर दिसत नाही. n नक्की कोणत्या कागदापासून गायब झालं, ते सापडलं की पुढची वाट ठरते.

पहिल्या गुणपत्रिकेपासूनच Dhanajay असेल, तर चूक प्रवेशाच्या वेळी नोंदीत शिरलेली आहे. विद्यापीठाच्या लेखी तेच नाव खरं आहे आणि पदवी त्या नोंदीप्रमाणेच छापली गेली आहे. इथे नुसती पदवी दुरुस्त करून भागत नाही. अर्ज सहसा महाविद्यालयामार्फत, प्राचार्यांच्या पत्रासह जातो, मूळ नोंद बदलते आणि मग गुणपत्रिका व पदवी. दहावीच्या प्रमाणपत्रावरच चूक असेल तर आणखी मागे, शाळेच्या नोंदवहीपर्यंत आणि तिथून राज्य मंडळाकडे जावं लागतं. ते झाल्याशिवाय विद्यापीठाला लिहून उपयोग नाही.

तिन्ही कागद बरोबर आणि फक्त पदवी चुकलेली असेल, तर काम बरंच सोपं असतं. तरीही एक गोष्ट राहते. अनेक विद्यापीठांत पदवी प्रमाणपत्रासाठी विद्यार्थ्यानेच ऑनलाइन अर्ज भरलेला असतो. त्याची पीडीएफ प्रत शोधावी. तिथेच n सुटलं असेल, तर चूक छपाईची नाही, आपल्या टंकलेखनाची आहे. मग ई-मेलमध्ये तसं सरळ लिहावं आणि दुरुस्तीचं शुल्क भरण्याची तयारी दाखवावी. कार्यालय पहिल्यांदा तो अर्जच उघडून बघतं. त्यांच्यावर ठपका ठेवणारं पत्र आणि त्यांच्या पडद्यावरचा अर्ज यांचा मेळ बसला नाही, तर प्रकरण तिथेच अडतं.

लग्नानंतरचं किंवा राजपत्रात प्रसिद्ध करून घेतलेलं नवं नाव हा मात्र वेगळा विषय आहे. परीक्षा दिली तेव्हाचं नाव बरोबर छापलेलं असेल, तर त्यात चूक काहीच नसते. ते प्रकरण दुरुस्ती म्हणून पाठवलं की बहुधा नकारच येतो.

ई-मेल कोणाला? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार कुलसचिव हे विद्यापीठाच्या अभिलेखांचे अभिरक्षक असतात. प्रत्यक्ष छपाईचं काम मात्र परीक्षा विभागाच्या पदवी प्रमाणपत्र कक्षात चालतं. म्हणून ई-मेल कुलसचिवांच्या नावे लिहून परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना प्रत लावावी. मजकूर असा असू शकतो:

*विषय: पदवी प्रमाणपत्रावरील इंग्रजी नावात दुरुस्ती – बी.एस्सी., उन्हाळी सत्र 2022, पीआरएन (क्रमांक)*

*माननीय कुलसचिव,*
*मी वरील परीक्षा (महाविद्यालयाचे नाव) येथून उत्तीर्ण झालो. माझ्या पदवी प्रमाणपत्रावर (प्रमाणपत्र क्रमांक) इंग्रजी नाव पुढीलप्रमाणे छापले गेले आहे.*

*छापलेले: Dhanajay*
*योग्य: Dhananjay (j च्या आधीचे n सुटले आहे)*

*दहावीचे प्रमाणपत्र, प्रथम व अंतिम वर्षाच्या गुणपत्रिका आणि पदवीसाठी मी भरलेला अर्ज या चारही ठिकाणी नाव योग्य आहे. पदवीवरील देवनागरी नावही योग्य आहे. सर्वांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.*

*दुरुस्त प्रमाणपत्र मिळावे आणि डिजिलॉकरमधील नोंदही त्यानुसार बदलावी, ही विनंती. विहित अर्ज, शुल्क आणि मूळ प्रमाणपत्र जमा करण्याची पद्धत कृपया कळवावी.*

*आपला विश्वासू,*
*(पूर्ण नाव, पीआरएन, दूरध्वनी)*

चूक आणि दुरुस्ती एकाखाली एक लिहिली आहे, आणि वर शब्दांतही सांगितली आहे. घरच्यांच्या नजरेतून सुटलेलं n कक्षातल्या लिपिकाच्या नजरेतूनही सुटू शकतं. नुसतं ‘माझं नाव Dhananjay असं हवं’ लिहिलं, तर तो पदवीकडे बघून ‘तसंच तर आहे’ म्हणेल आणि पुढच्या अर्जाकडे वळेल.

पुरावा म्हणून आधार कार्ड का नाही, असं अनेकांना वाटतं. आधारवरचं नाव नंतर कागदपत्रं देऊन बदलून घेता येतं. विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो तो शालेय कागदपत्रांवर, म्हणून दहावीच्या प्रमाणपत्राचं वजन जास्त. आधार मागितलंच, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. सगळ्या प्रती सपाट स्कॅन केलेल्या असाव्यात आणि फाइलच्या नावातच कागदाचं नाव असावं. मोबाइलवर तिरपे काढलेले फोटो मोठे केले की अक्षरं फुटतात, आणि इथे तर सगळा प्रश्न एका अक्षराचाच आहे.

डिजिलॉकरचा उल्लेख अनेकजण विसरतात. नवा कागद हातात येतो, पण राष्ट्रीय शैक्षणिक भांडारातली नोंद जुनीच राहते. ती विद्यापीठानेच चढवलेली असते, विद्यार्थ्याला स्वतः बदलता येत नाही. पडताळणी करणाऱ्या कंपनीने ऑनलाइन पाहिलं, तर तिला तिथे Dhanajay च दिसतो.

परदेशी प्रवेशाची मुदत जवळ आली असेल, तर त्याच ई-मेलमध्ये तारीख देऊन एक तात्पुरतं पत्र मागावं: नोंदीप्रमाणे योग्य नाव अमुक असून दुरुस्तीची प्रक्रिया सुरू आहे, अशा आशयाचं. ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी वेळ भागवतं, पण त्याने विद्यापीठाची नोंद बदलत नाही.

उत्तर आलं नाही तर नवा ई-मेल लिहू नये. पहिल्याच ई-मेलला उत्तर देऊन विचारणा करावी, म्हणजे सगळा पत्रव्यवहार एका धाग्यात राहतो. आवक क्रमांक मिळाला असेल तर तो द्यावा. तरीही हालचाल नसेल, तर माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली अर्जाची सद्यस्थिती विचारता येते; तिथे उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे.

मूळ पदवी जमा करायला सांगितलं, तर आधी तिच्या दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात आणि जमा केल्याची पोच घ्यावी. नवं प्रमाणपत्र घेताना खिडकीपाशीच उभं राहून पूर्ण वाचावं. दुरुस्तीत मजकूर पुन्हा टंकलेला असू शकतो, आणि n जागेवर आलं तरी श्रेणी, विषय किंवा उत्तीर्ण होण्याचं वर्ष हललेलं असू शकतं. रजिस्टरवर सही करायची ती हे सगळं पाहून झाल्यावरच. आणि घरी नेल्यावर ते लॅमिनेट करू नये, कारण परदेशासाठी साक्षांकन करताना शिक्का त्या कागदावरच मारायचा असतो.