शुद्ध लिहिलेला चुकीचा शब्द

2012 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात वेस्ट हॉल नावाच्या दोन शाळांची दारं तातडीने बंद करण्यात आली. मुलं वर्गात, पोलीस बाहेर. कारण होतं मोबाइलवरचा एक मेसेज. पाठवणाऱ्याला ‘आज वेस्ट हॉलला असेन’ एवढंच कळवायचं होतं. त्यासाठी बोलण्यातलं gunna हे रूप टाइप केलं गेलं आणि फोनने त्याचं gunman करून टाकलं, म्हणजे बंदूकधारी. त्यातच मेसेज चुकून भलत्याच नंबरवर गेला. ज्या अनोळखी माणसाला तो मिळाला त्याने वाचलं, ‘बंदूकधारी आज वेस्ट हॉलला असेल’, आणि पोलिसांना कळवलं. त्याचं काहीच चुकलं नाही.

असे किस्से स्क्रीनशॉटच्या रूपाने रोज फिरतात. लोक ते हसून पुढे पाठवतात आणि ‘फोनने घोळ घातला’ म्हणून विषय संपतो. पण घोळ नेमका कुठे होतो याबद्दल बरेच गैरसमज आहेत, आणि ते तसेच राहिले तर पुढचा घोळ आपल्याच मेसेजमध्ये होतो.

गैरसमज : ऑटोकरेक्ट चूक शोधतो आणि ती दुरुस्त करतो.

हा समज जुन्या संगणकांच्या दिवसांतला आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ही सोय आली तेव्हा तिचं काम खरोखरच यादीवर चालायचं. teh टाइप झालं की the करायचं, अशा ठरलेल्या जोड्या होत्या. त्या यादीत अर्थाचा अनर्थ व्हायला फारसा वाव नव्हता.

फोनवरचा ऑटोकरेक्ट वेगळा आहे. तुमची चूक कुठे झाली हे त्याला माहीत नसतं, तो फक्त अंदाज बांधतो. त्यासाठी दोन गोष्टी तोलतो. पहिली, बोटं ज्या कळांवर टेकली त्यांच्यापासून एखादा शब्द किती जवळ आहे. दुसरी, तो शब्द भाषेत किती वेळा येतो आणि त्या वाक्यात कितपत बसतो. दोन्हींचा मेळ घालून जो शब्द सगळ्यात संभाव्य ठरेल तो तुमच्या शब्दाच्या जागी बसतो.

gunna चं काय झालं ते या हिशेबाने पाहू. हे बोलीतलं रूप शब्दकोशात नसेल तर फोनच्या लेखी ते चुकलेलं असतं. मग तो शेजारचे शब्द धुंडाळतो. कीबोर्डवर n आणि m या कळा एकमेकींना लागून आहेत. दुसऱ्या n ऐवजी m धरला आणि शेवटी एक n राहून गेला असं मानलं, की झालं gunman. एक अक्षर बदललं, एक वाढवलं. शब्द कोशातला, स्पेलिंग बिनचूक. फोनच्या दृष्टीने काम चोख झालं.

फ्रेडरिक डॅमेराऊ या संशोधकाने 1964 मध्ये दाखवून दिलं होतं, की टंकलेखनातल्या 80 टक्क्यांहून अधिक चुका चार प्रकारांपैकी एखाद्या एकाच फरकाच्या असतात : एक अक्षर बदललेलं, गाळलेलं, जास्तीचं, किंवा शेजारची दोन अक्षरं उलटसुलट. म्हणून जवळचा शब्द सुचवण्याची युक्ती बहुतेक वेळा छान चालते. ती फसते ती बोलीभाषा, गावांची नावं, आडनावं, घरातली लाडाची नावं अशा ठिकाणी, कारण तिथे मूळ शब्दच फोनला ठाऊक नसतो. मराठी माणूस रोमन अक्षरांत मराठी लिहितो आणि कीबोर्ड मात्र इंग्रजीवर ठेवलेला असतो, तेव्हा तर जवळजवळ प्रत्येक शब्द त्याला अनोळखी असतो.

गैरसमज : शब्द चुकला तर वाचणाऱ्याला कळेलच.

माझ्या मते हाच सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे.

तुम्ही ‘उद्या भेटू’ऐवजी ‘उद्या भेतू’ लिहिलंत तर वाचणारा अडखळतो, पण क्षणात समजून घेतो. असा शब्द मराठीत नाही, म्हणून बोट घसरलं असणार हे त्याला आपोआप उमगतं. टायपो स्वतःच ओरडून सांगतो की मी टायपो आहे. ऑटोकरेक्ट ती खूणच पुसून टाकतो. त्याने बसवलेला शब्द नेहमी खरा असतो, शुद्ध असतो. त्याच्याखाली लाल रेघ उमटत नाही, पाठवणाऱ्याची नजर त्याच्यावरून सरकून जाते आणि वाचणाऱ्याला शंका घ्यायला जागाच उरत नाही.

रोमन मराठीतलं एक उदाहरण घ्या. बहिणीने विचारलं, ‘Udya yenar ka?’ तुम्हाला लिहायचं आहे ho. कीबोर्डवर h च्या बरोबर खाली b आणि n या कळा आहेत. अंगठा जरा खाली टेकला की झालं no. इंग्रजी कीबोर्डला ho पेक्षा no कितीतरी अधिक ओळखीचा; तो त्यात काही बदलणार नाही, उलट बोट दोन्ही कळांच्या मधोमध पडलं असेल तर त्याचा कल no कडेच जाण्याचा संभव अधिक. बहिणीला मिळालेलं उत्तर शुद्ध आहे, स्पष्ट आहे आणि तुमच्या म्हणण्याच्या नेमकं उलट आहे. ती स्वयंपाक करणार नाही, किंवा रुसेल. विचारायला फोन मात्र करणार नाही, कारण तिच्या लेखी विचारण्यासारखं काही उरलेलंच नाही.

म्हणून सगळे शब्द सारख्या जोखमीचे नसतात. ‘मी थोड्या वेळाने निघून स्टेशनवर पोचते’ या वाक्यातलं ‘थोड्या’ बिघडलं तर बाकीचं वाक्य त्याला सावरून घेतं. होकार-नकार, वार आणि वेळ, रक्कम, माणसाचं नाव आणि क्रियापद यांना सावरणारं आजूबाजूला काही नसतं. मेसेज जितका लहान तितका हा धोका मोठा. एका शब्दाच्या उत्तरात तर संदर्भ जवळजवळ नसतोच.

गैरसमज : बोलून टाइप केलं की जे बोललो तेच लिहिलं जातं.

व्हॉइस टायपिंगमध्ये कीबोर्डचा संबंध नाही, म्हणून ते सुरक्षित वाटतं. गूगलने 2017 मध्ये मराठीतून बोलून लिहिण्याची सोय आणली आणि ज्यांना देवनागरी टायपिंग जमत नव्हतं अशा असंख्य लोकांना, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांना, स्वतःच्या भाषेत लिहिता येऊ लागलं. ही मोठीच गोष्ट आहे. पण इथेही अंदाजच चालतो, फक्त बोटांच्या जागी आवाज असतो. आवाजाचे बारीक तुकडे पाडून ते कोणत्या शब्दांशी जुळतात आणि त्यातली कोणती शब्दमाळ भाषेत अधिक शक्य आहे, हे ठरवलं जातं. बोलता बोलता पडद्यावरचा आधीचा शब्द अचानक बदलतो तो त्यामुळेच : पुढचा शब्द कानी पडल्यावर मागचा अंदाज फिरवला जातो. अशा वेळी सुरुवातीचा बरोबर शब्दही बदलून चुकीचा होऊ शकतो, आणि तोवर आपली नजर पुढे गेलेली असते.

मराठीत एक खास अडचण आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आपण पुष्कळदा प्रश्न फक्त सुरावर विचारतो. ‘जेवलास?’, ‘औषध घेतलं?’, ‘पोचली?’ शब्द विधानाचे, प्रश्न आवाजाच्या चढावर. तो चढ अक्षरांत उतरत नाही, आणि प्रश्नचिन्ह आपणहून पडेल याचा भरवसा नसतो.

समजा, गावाकडे घराचं काम चालू आहे. पुण्याला राहणारा भाऊ गाडीत बसल्या बसल्या फोनला सांगतो, ‘गवंड्याला वीस हजार दिले?’ गावातल्या भावाच्या फोनवर येतं, ‘गवंड्याला वीस हजार दिले’. एकही शब्द चुकलेला नाही. तरी त्याने दादाने पैसे दिले असं समजावं, गवंड्याने मागितले तर ‘तुम्हाला मिळालेत की’ म्हणावं आणि काम थांबावं, इतकं त्यात सामर्थ्य आहे. उपाय सोपा आहे. बोलून लिहिताना प्रश्नात ‘का’ म्हणायचंच : ‘वीस हजार दिले का’. चिन्ह गळालं तरी प्रश्न शिल्लक राहतो. नकाराचंही तसंच. ‘नको’ हा शब्द वाक्यात घाईने पुढच्या शब्दाला चिकटवून बोलण्यापेक्षा ‘पैसे पाठवू नकोस’ असं पूर्ण क्रियापद बोललं तर एखादं अक्षर हुकलं तरी अर्थ तगून राहतो.

गैरसमज : वापरत गेलं की फोन आपोआप सुधारतो.

फोन शिकतो हे खरं, पण बरोबर काय ते शिकत नाही, तुम्ही काय ठेवता ते शिकतो. चुकीचं स्पेलिंग घाईत तसंच पाठवत राहिलात तर तेच तुमचा शब्द म्हणून जमा होतं आणि पुढे बरोबर शब्द लिहिला तरी डोकावत राहतं. बऱ्याच अँड्रॉइड कीबोर्डवर वरच्या पट्टीतला नको असलेला शब्द दाबून धरला की तो काढून टाकता येतो. घरातल्यांची, गावाची, कामातली नावं कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात एकदा घालून ठेवली तर निम्मा त्रास वाचतो. आणि रोमन मराठी लिहिणाऱ्याने इंग्रजी कीबोर्डचा ऑटोकरेक्ट सरळ बंदच करावा. त्या भाषेत तो मदतीपेक्षा उपद्रवच अधिक करतो.

गैरसमज : स्क्रीनशॉट आहे म्हणजे घडलंच असणार.

फिरणाऱ्या स्क्रीनशॉटपैकी सगळ्यात चावट असतात ते सगळ्यात जास्त पसरतात, आणि नेमक्या त्यांच्याबद्दलच शंका घ्यावी. कारण कीबोर्ड बनवणारे शिव्या आणि अश्लील शब्द मुद्दाम सुचवू देत नाहीत. आयफोनवर इंग्रजी शिवी टाइप केली की ducking व्हायचं, हे इतकं सर्वश्रुत होतं की 2023 मध्ये नवी आवृत्ती सादर करताना ॲपलच्या मंचावरही त्याचा उल्लेख झाला. फोन शिवीचं बदक करायचा. सभ्य शब्दाची शिवी तो क्वचितच करतो, आणि केलीच तर बहुधा मालकाने ती आधी अनेकदा टाइप केलेली असते. दुसरी खूण अंतराची. मूळ शब्द आणि बदललेला शब्द शेजारी ठेवा. एक-दोन अक्षरांत, जवळच्या कळांनी एकातून दुसऱ्यात जाता येत नसेल, तर तो संवाद कुणीतरी रचलेला असण्याची शक्यता मोठी.

खरोखर चूक गेलीच, तर बहुतेक जण पुढच्या ओळीत तारांकन टाकून एक सुटा शब्द पाठवतात. ज्याला चूक दिसलेलीच नाही त्याला तो शब्द कुठे बसवायचा हे कळत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण पहिला मेसेज नोटिफिकेशनमध्ये वाचून मोकळा झालेला माणूस परत उघडून पाहीलच असं नाही. पैसे, वेळ किंवा होकार-नकाराचा मामला असेल तर आधी काय चुकीचं गेलं ते सांगून पूर्ण वाक्य नव्याने लिहावं : ‘वर no पडलं ते चुकून. हो, मी उद्या येणार आहे, संध्याकाळी सहाला.’