नंबर ५ च्या बाटलीतली रसायनं

१९२१ साली अर्नेस्ट बो यांनी कोको शनेलसाठी ‘शनेल नंबर ५’ तयार केलं. त्यात दक्षिण फ्रान्समधल्या ग्रासच्या चमेलीचा आणि गुलाबाचा अर्क सढळ हाताने घातलेला होता. पण नुसता फुलांचा अर्क जड असतो, साखरेच्या पाकासारखा. त्याला हलकं केलं ते अल्डिहाइडांनी.

हे दहा, अकरा आणि बारा कार्बनच्या साखळीचे रेणू. दहा कार्बनचं डेकॅनल संत्र्याच्या सालीत असतं, आपल्या कोथिंबिरीतही असतं. बाटलीतून थेट हुंगलं तर मेणकट, तेलकट, नुकत्या विझवलेल्या मेणबत्तीसारखा वास येतो आणि तो कुणालाही आवडणार नाही. पातळ करून मिश्रणात घातलं की मात्र फुलं उजळतात, त्यांचा वास दूरवर पोचतो. नंबर ५ मध्ये या तिघांचं प्रमाण जेमतेम एक टक्क्याच्या आसपास सांगतात. मदतनिसाने चुकून जास्त ओतलं म्हणून हे परफ्यूम घडलं, ही गोष्ट मला पटत नाही. उबिगांच्या १९१२ च्या ‘केल्क फ्लर’मध्ये अल्डिहाइड आधीच वापरलेलं होतं. बो यांनी धाडस केलं ते प्रमाणाचं. अल्डिहाइड हवेशी संयोग पावून आम्लात बदलतं, म्हणून उघडी राहिलेली जुनी बाटली आधी वरच्या थरात खवट होते.

खालचा थर मस्कचा. अस्सल कस्तुरीसाठी हिमालयातला कस्तुरीमृग मारला जाई. १८८८ मध्ये अल्बर्ट बाउर टीएनटीसारखी स्फोटकं शोधत होते. त्यांच्या एका पदार्थाचा स्फोट राहिला बाजूला, त्याला कस्तुरीचा वास आला. त्यातून ‘नायट्रो मस्क’ आले आणि नंबर ५ च्या मूळ घडणीतही ते होते. पुढे त्यांतल्या मस्क अँब्रेटने त्वचेला आणि मज्जासंस्थेला अपाय होतो असं दिसलं. मस्क झायलीनवरही युरोपात बंदी आली. त्यांची जागा गॅलॅक्सोलाइडसारख्या दुसऱ्या घडणीच्या मस्कनी घेतली. धुतलेल्या कपड्यांना येणारा ‘स्वच्छ’ वास बहुधा अशाच मस्कचा असतो. तो सांडपाण्यात सहज विघटित होत नाही, ही त्याची खरी उणीव.

मस्कचे रेणू मोठे, म्हणून ते हळूहळू उडतात आणि टिकतात. पण रेणू याहून फार मोठा झाला तर तो पुरेसा उडतच नाही, मग वास कुठला? मस्क या सीमेजवळ असतात. त्यातच काही माणसांच्या नाकाला एखादा ठराविक मस्क कळतच नाही. म्हणून परफ्यूमर एकावर विसंबत नाहीत, दोन-चार वेगवेगळे मस्क मिसळतात.

तेव्हा परफ्यूम विकत घेताना दुकानातल्या पहिल्या झुळकीवर पैसे मोजू नका. कागदाच्या पट्टीवर एक फवारा घ्या, घरी न्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगा. काहीच जाणवलं नाही तर पट्टी घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या. मस्क तिथे असेल, फक्त तुमच्या नाकाला कळत नसेल.